बिल पक्कं झाल्यापासून माल उतरेपर्यंत: ई-वे बिल आणि वाटेत बदललेली गाडी

आमच्याकडे डिस्पॅचच्या टेबलावर नवीन माणूस आला की मी त्याला आधी एकच गोष्ट शिकवतो. ई-वे बिल म्हणजे माल रस्त्याने नेताना सोबत लागणारा, जीएसटीच्या पोर्टलवर काढलेला कागद. त्याचे दोन भाग असतात आणि दोघांचा स्वभाव वेगळा असतो. भाग अ, म्हणजे `Part A`, हा बिलाचा असतो: कोणी विकलं, कोणाला विकलं, काय माल, किती रुपयांचा, कुठे उतरायचा. तो एकदा तयार झाला की त्यातलं एक अक्षरही दुरुस्त होत नाही. भाग ब, म्हणजे `Part B`, हा गाडीचा असतो. तो माल पोचेपर्यंत हवा तितक्या वेळा अपडेट करता येतो. बहुतेक गोंधळ हे दोन स्वभाव न ओळखल्यामुळे होतात. बिलातली चूक लोक गाडीच्या भागात लपवायला बघतात, आणि गाडी बदलली की अख्खं ई-वे बिलच रद्द करायला धावतात.

खाली एक कन्साइनमेंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो. माल ओतकामाचा, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतून निघालेला आणि गुजरातमध्ये साणंदला जाणारा. नंबर आणि तारखा नमुन्यादाखल घेतल्या आहेत, पण पद्धत तीच जी आम्ही रोज वापरतो.

ई-वे बिल लागतं का, हे आधी

राज्याबाहेर माल जात असेल तर कन्साइनमेंटची किंमत 50,000 रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल हवं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे. ही किंमत करासकट धरायची असते, आणि तिथेच माणूस फसतो. 45,000 रुपयांचा माल बाहेरच्या राज्यात पाठवताना "पन्नासच्या आत आहे" म्हणून गाडी सोडली जाते, पण त्यावर 18 टक्के कर लागला की बिल 53,100 चं होतं. जॉबवर्कसाठी माल दुसऱ्या राज्यात पाठवत असाल तर किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल काढावंच लागतं.

आपल्या उदाहरणात मालाची किंमत 3,20,000, त्यावर आयजीएसटी 57,600, एकूण 3,77,600. म्हणजे प्रश्नच नाही.

बिल कन्फर्म कधी करायचं

सॉफ्टवेअरमध्ये बिल ड्राफ्ट असतं तोवर सगळं बदलता येतं. कन्फर्म केलं की त्याला नंबर पडतो, आणि ज्यांची उलाढाल 5 कोटींच्या वर गेली आहे त्यांचं बी-टू-बी बिल ई-इन्व्हॉइस पोर्टलवर जाऊन आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा पोर्टलवरचा नोंद क्रमांक, घेऊन येतं. ई-वे बिलाचा भाग अ या कन्फर्म झालेल्या बिलातूनच भरला जातो. त्यामुळे बिलात जे चुकलं ते ई-वे बिलात चुकलं, आणि तिथून ते निघत नाही.

म्हणून माझा नियम असा: काटा पावती हातात आल्याशिवाय बिल कन्फर्म करायचं नाही. ओतकामाची ऑर्डर 4,000 किलोची असते, पण गाडी काट्यावर गेली की निव्वळ वजन 3,940 भरतं, कारण दोन नग तपासणीत बाजूला पडलेले असतात. बिल आधीच 4,000 चं निघालं असेल तर कागद आणि गाडीतला माल जुळत नाही. वाटेत प्रत्यक्ष तपासणी झाली की हा फरक सगळ्यात आधी डोळ्यात येतो.

कन्फर्म केल्यावर चूक सापडली तर वाट लांबची आहे. आधी ई-वे बिल रद्द करायचं, मग आयआरएन रद्द करायचा. ई-वे बिल चालू असताना आयआरएन रद्द होत नाही. दोन्हींना 24 तासांची मुदत आहे, आणि ई-वे बिल वाटेत अधिकाऱ्याने तपासलेलं असेल तर तेही रद्द होत नाही. शिवाय ज्या बिल नंबरचा आयआरएन रद्द झाला तो नंबर पुन्हा वापरता येत नाही, नव्या नंबरने बिल करावं लागतं. एवढं सगळं निस्तरण्यापेक्षा काट्यावरून माणूस परत येईपर्यंत वीस मिनिटं थांबणं परवडतं.

दुसरी तपासायची गोष्ट पत्ता. आपल्या गिऱ्हाईकाचं ऑफिस अहमदाबादला आहे आणि बिलावर तोच पत्ता आहे, पण माल त्यांच्या साणंदच्या कारखान्यात उतरायचा आहे. जीएसटीआयएन एकच आहे. अशा वेळी व्यवहाराचा प्रकार `Regular` ठेवायचा आणि माल पोचण्याच्या जागी साणंदचा पत्ता आणि पिनकोड टाकायचा. `Bill To - Ship To` हा प्रकार तिसरी पार्टी असते तेव्हाचा: बिल एकाला आणि त्याच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याच्या दारात. कुठलाही प्रकार असो, पिनकोड माल उतरण्याच्या जागेचाच हवा, कारण अंतर त्यावरून निघतं आणि अंतरावरून मुदत.

भाग अ आणि पहिला भाग ब

ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू नाही त्यांनी `ewaybillgst.gov.in` वर लॉगिन करून `e-Waybill` मधून `Generate New` घ्यायचं. व्यवहार `Outward`, उपप्रकार `Supply`, कागद `Tax Invoice`. मग बिल नंबर, तारीख, दोन्ही पार्ट्या, मालाच्या ओळी. बिलात राऊंड ऑफ किंवा पॅकिंग खर्चामुळे काही रुपयांचा फरक येत असेल तर तो `Other Amt` मध्ये टाकायचा. मालाच्या किमतीत ओढूनताणून बसवायचा नाही. शेवटचा आकडा बिलाच्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे.

ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे त्यांचं काम सोपं आहे. आयआरएन घेतानाच गाडीचा तपशील पाठवला तर ई-वे बिल नंबर सोबतच येतो. सॉफ्टवेअर मागे जे पाठवतं ते असं दिसतं:

```json
"EwbDtls": {
  "TransId": "27ABCDE1234F1Z5",
  "Distance": 0,
  "TransMode": "1",
  "TransDocNo": "LR4471",
  "TransDocDt": "10/06/2025",
  "VehNo": "MH09AB1234",
  "VehType": "R"
}
```

`Distance` मध्ये 0 दिलं की पोर्टल दोन्ही पिनकोडवरून अंतर स्वतः काढतं. `TransMode` 1 म्हणजे रस्ता, `VehType` मधला R म्हणजे नेहमीची गाडी. अवजड, मापाबाहेरच्या मालाला O असतं आणि त्याच्या मुदतीचा हिशोब वेगळा. `TransDocNo` म्हणजे आपली बिल्टी. गाडी अजून ठरलीच नसेल तर फक्त ट्रान्सपोर्टरचा आयडी देऊन भाग अ तयार ठेवता येतो. भाग ब भरायला त्यानंतर 15 दिवस मिळतात. पण लक्षात घ्या, भाग ब शिवायचा कागद रस्त्यावर चालत नाही. सूट एकच: राज्यातल्या राज्यात आपल्या गोडाऊनपासून ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनपर्यंत 50 किलोमीटरच्या आत माल पोचवायचा असेल तर तेवढ्या फेरीला गाडी नंबर लागत नाही.

गाडी नंबर ड्रायव्हरने फोनवर सांगितलेला घेऊ नका. गेटवर गाडी उभी राहिली की नंबरप्लेटचा फोटो मागवा आणि त्यावरून टाइप करा. सारख्या उच्चाराची अक्षरं आणि मागेपुढे झालेले आकडे इथेच घुसतात. गाडी निघण्याआधी चूक दिसली तर ई-वे बिल रद्द करायची गरज नाही, भाग ब परत अपडेट करायचा.

मुदत मोजायची रीत

नेहमीच्या गाडीला दर 200 किलोमीटरमागे किंवा त्याच्या तुकड्यामागे एक दिवस मिळतो. मापाबाहेरच्या मालाला दर 20 किलोमीटरमागे एक दिवस. पोर्टलने काढलेल्या अंतराच्या 10 टक्क्यांपर्यंत जास्त अंतर टाकता येतं, त्यापुढे नाही.

समजा आपल्या फेरीचं अंतर 880 किलोमीटर आलं. 200 चे चार पूर्ण भाग आणि उरलेल्या 80 चा एक, म्हणजे पाच दिवस. भाग ब भरला 10 जूनला संध्याकाळी सहाला. पहिला दिवस 11 जूनच्या मध्यरात्री संपतो, म्हणजे 11 तारीख पूर्ण मिळते. असे पाच दिवस मोजले की मुदत 15 जूनच्या रात्री बाराला संपते. ही मुदत पहिल्यांदा भाग ब भरला तेव्हाच ठरते. पुढे गाडी कितीदा बदलली तरी ती वाढत नाही. गाडी बदलली म्हणजे नवे पाच दिवस मिळाले असं पुष्कळ ट्रान्सपोर्टवाले समजतात, आणि अडकतात.

मनोरला क्लचप्लेट गेली

11 जून, दुपारी चार. गाडी मुंबई-अहमदाबाद हायवेवर मनोरजवळ उभी आहे. ड्रायव्हरचा फोन येतो: क्लचप्लेट गेली, आज काही होणार नाही. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, भिवंडीहून दुसरी गाडी पाठवतो, रात्री नऊपर्यंत पोचेल.

या क्षणी ऑफिसात एक सूचना हमखास येते: "अजून चोवीस तास व्हायचेत, कॅन्सल करू आणि नव्या गाडीवर नवीन काढू." सूचना देणाऱ्याला ती सोपी वाटते, पण करायचं नाही. माल रस्त्यावर असताना ई-वे बिल रद्द केलं की त्या वेळेपुरता तो माल कागदाशिवाय उभा आहे. आणि नवीन काढलं तर त्यात माल कोल्हापुरातून निघाला आणि गाडी मात्र कोल्हापूर कधी न पाहिलेली, असा कागद तयार होतो. ई-वे बिल रद्द करायची सोय माल निघालाच नाही किंवा बिलच चुकलं अशा वेळेसाठी आहे. गाडी बदलण्यासाठी भाग ब आहे.

तीच गाडी दुरुस्त होऊन पुढे जाणार असेल तर काहीच करायचं नाही, फक्त मुदतीवर लक्ष ठेवायचं. दुसऱ्या गाडीत माल जाणार असेल तर नियम सांगतो की माल हलवून पुढे निघण्याआधी नव्या गाडीचा तपशील भरला पाहिजे. ज्याने भाग अ भरला तो किंवा ट्रान्सपोर्टर, दोघांपैकी कोणीही हे करू शकतो. आमच्यात ठरलेलं आहे की ट्रान्सपोर्टवाला करेल, आणि केल्यावर नवी प्रिंट आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवेल. "कोणीतरी करेल" यावर सोडलं की कोणीच करत नाही.

लॉगिन करून `e-Waybill` मधून `Update Part B/Vehicle` घ्यायचं. 12 अंकी ई-वे बिल नंबर टाकला की जुना तपशील दिसतो. मग रस्ता हा प्रकार निवडून नवीन गाडी नंबर टाकायचा. `From Place` मध्ये मनोर आणि राज्य महाराष्ट्र. इथे कोल्हापूर टाकण्याची चूक फार जण करतात. ही जागा माल कुठून निघाला ती नाही, गाडी कुठे बदलली ती. कारणात `Due to Break Down` निवडायचं. माल हबवर उतरवून दुसऱ्या गाडीत चढवला असेल तर `Due to Transshipment`. नंबर दुरुस्त करायचा असेल तर `Others`. `Remarks` मध्ये एक ओळ साध्या शब्दांत: क्लच निकामी, मनोर येथे गाडी बदलली. बिल्टी बदलली असेल तर नवीन बिल्टी नंबरही टाकायचा.

ज्यांचं सॉफ्टवेअर थेट पोर्टलशी जोडलेलं आहे त्यांच्याकडे हीच कारणं आकड्यांनी जातात: 1 बिघाड, 2 ट्रान्सशिपमेंट, 3 इतर, 4 पहिल्यांदा भरताना.

सबमिट झाल्यावर प्रिंट परत काढायची. भाग ब च्या तक्त्यात आता दोन ओळी दिसतात: कोल्हापूरहून निघालेली पहिली गाडी आणि मनोरची दुसरी, प्रत्येकीसमोर कुठून, कधी भरलं आणि कोणी भरलं हे. ही वेळ फार महत्त्वाची आहे. अधिकाऱ्याने गाडी थांबवल्यावर घाईने अपडेट केलं तर ती वेळ छापून येते, आणि गाडी आधी थांबली की अपडेट आधी झालं हे लपत नाही. म्हणून नऊला गाडी आली, साडेनऊला माल चढला, तर अपडेट साडेनऊला आणि चाकं त्यानंतर फिरायची. जुन्या ड्रायव्हरकडून बिल आणि बिल्टीची प्रत नव्या ड्रायव्हरच्या हातात गेली का, हे नव्या ड्रायव्हरला फोन करून स्वतः विचारा.

आमच्या एका फेरीत हे झालं नव्हतं. ट्रान्सपोर्टवाल्याने हबवर गाडी बदलली, ई-वे बिलावर जुनाच नंबर राहिला आणि गाडी पहाटे तपासणीत थांबली. माल आमचा, बिल बरोबर, कर भरलेला, तरी आमचे दोन दिवस फोनवर आणि कागदांत गेले, आणि तिकडे गिऱ्हाईकाची लाइन थांबलेली. तेव्हापासून प्रिंट हाती आल्याशिवाय मी "ठीक आहे" म्हणत नाही.

यात पैसा किती अडकू शकतो तेही सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम 129 खाली माल अडवला आणि मालक पुढे आला तर करपात्र मालावर कराच्या 200 टक्के दंड लागतो. आपल्या उदाहरणात कर 57,600, म्हणजे दंड 1,15,200. किरकोळ चुकांना मात्र इतकी शिक्षा नाही. सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकानुसार गाडी नंबरातल्या एक-दोन अक्षर-आकड्यांची चूक, पिनकोडची चूक ज्यामुळे मुदत वाढत नाही, नावातलं स्पेलिंग अशा गोष्टींना राज्याबाहेरच्या मालावर 1,000 रुपये दंड आकारून सोडायचं असतं. पण भलतीच गाडी ही त्या यादीत बसत नाही.

माल दोन टेम्पोंत विभागला तर

मोठी गाडी मिळाली नाही आणि ट्रान्सपोर्टवाल्याने दोन छोटे टेम्पो पाठवले, तर साधं अपडेट चालणार नाही, कारण त्यात एकच नंबर बसतो. अशा वेळी `Change to Multi Vehicle` वापरायचं. आधी जागा, कारण आणि एकूण प्रमाण, इथे 3,940 किलो, नोंदवायचं. मग प्रत्येक टेम्पोचा नंबर आणि त्यातलं वजन वेगवेगळं टाकायचं: एकात 2,000, दुसऱ्यात 1,940. दोन्हींची बेरीज एकूणाशी जुळलीच पाहिजे. ही वजनं अंदाजाने टाकू नका, जवळच्या काट्यावर दोन्ही टेम्पो चढवा.

ट्रान्सपोर्टवाल्याने अनेक पार्ट्यांचा माल एका गाडीत भरून एकत्रित ई-वे बिल काढलं असेल, तर गाडी बदलल्यावर त्याने ते नव्या गाडी नंबरने पुन्हा तयार करायचं असतं. ते त्याचं काम आहे, पण आपला नंबर त्यात आहे का हे आपण विचारायला हवं.

मुदत संपत आली तर

समजा मनोरला गाडी लवकर मिळालीच नाही, आणि 15 जूनला दुपारी माल अजून गुजरातमध्ये वाटेतच आहे. मुदत वाढवायची खिडकी संपण्याच्या आधी 8 तास उघडते आणि संपल्यावर 8 तासांनी बंद होते. आपल्या हिशोबात 15 तारखेच्या दुपारी चारपासून 16 च्या सकाळी आठपर्यंत. आठ वाजून गेले की वाढवता येत नाही.

इथे एक अडचण आहे जी लोकांना रात्री दोन वाजता कळते. मुदत वाढवण्याचा अधिकार त्या वेळी ई-वे बिलावर जो ट्रान्सपोर्टर आहे त्याचा असतो. आपण ट्रान्सपोर्टर आयडी भरलेला असेल तर आपल्या लॉगिनमधून ते होत नाही. आणि ट्रान्सपोर्टरने एकदा भाग ब भरला की आपण त्याचं नाव बदलूनही टाकू शकत नाही. दुसऱ्या ट्रान्सपोर्टरकडे द्यायचं असेल तर तोच देऊ शकतो. म्हणून रात्री फोन उचलणारा त्यांचा माणूस कोण, हे गाडी भरतानाच विचारून ठेवा. स्वतःच्या गाडीने माल पाठवलात आणि ट्रान्सपोर्टर आयडी रिकामा ठेवलात, तर ते काम आपलंच.

`Extend Validity` मध्ये माल चालत्या गाडीत आहे की गोडाऊनमध्ये उतरवला आहे हे विचारतात. गाडीत असेल तर गाडी नंबर, सध्याची जागा, पिनकोड आणि उरलेलं अंतर द्यायचं. नवे दिवस त्या उरलेल्या अंतराप्रमाणे मिळतात, पहिल्या 880 प्रमाणे नाही. माल गोडाऊनमध्ये असेल तर त्या गोडाऊनचा पत्ता द्यावा लागतो. कितीही वेळा वाढवलं तरी मूळ ई-वे बिलाच्या तारखेपासून 360 दिवसांपलीकडे मुदत जात नाही, ही मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून आली. त्याच दिवसापासून 180 दिवसांपेक्षा जुन्या बिलावर ई-वे बिलही निघत नाही.

आपला माल मात्र 12 जूनला रात्री साणंदला पोचला. गिऱ्हाईकाच्या गेटवर त्यांनी गाडी नंबर भाग ब च्या दुसऱ्या ओळीशी ताडून पाहिला, वजन 3,940 भरलं आणि बिल्टीवर सही झाली. ती बिल्टी, काटा पावती आणि दोन ओळींची ई-वे बिल प्रिंट बिलामागे टाचून फाइलला लागली.